आधी मोजणी, मग कात्री : वेबवरचं त्रिमितीय मॉडेल हलकं करताना

संकेतस्थळावर एखादी खुर्ची बोटाने फिरवून पाहता येते, संग्रहालयातली मूर्ती मागूनपुढून निरखता येते. तिथे आपण फोटो पाहत नसतो. हजारो त्रिकोणांचं एक जाळं आणि त्यावर चढवायची चित्रं इंटरनेटवरून आपल्या फोनमध्ये उतरलेली असतात आणि फोनमधली ग्राफिक्स चिप ते दृश्य क्षणाक्षणाला नव्याने रंगवत असते. ब्राउझर आणि ही चिप यांची गाठ घालून देणाऱ्या यंत्रणेचं नाव वेबजीएल. मॉडेल ज्या फाइलमधून येतं, ती बहुतेक वेळा जीएलटीएफ प्रकारची असते. क्रोनोस ग्रुप या उद्योगसंघाने हा फाइलप्रकार 2015 मध्ये आणला, 2017 मध्ये त्याची आज वापरात असलेली दुसरी आवृत्ती काढली आणि 2022 मध्ये त्याला आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली.

मॉडेल जड असलं की पान रखडतं. त्यावर ‘ड्रॅको लावा’ हा सल्ला ताबडतोब मिळतो. ड्रॅको ही गूगलने 2017 मध्ये खुली केलेली, त्रिकोणांचं जाळं आवळून बांधणारी पद्धत. ती फार चांगली आहे. पण ती कशावर चालते, कशावर चालत नाही आणि कधी तिच्यापेक्षा साधं क्वांटायझेशन बरं, हे न पाहता लावली तर कष्ट एका जागी होतात आणि वजन दुसऱ्याच जागी तसंच राहतं. म्हणून आधी एक फाइल उघडून बाइट कुठे जातात ते पाहू.

शिरस्त्राणाचा हिशेब

क्रोनोसने चाचणीसाठी खुल्या ठेवलेल्या नमुना मॉडेलांत ‘डॅमेज्ड हेल्मेट’ नावाचं, लढाईत पोचे पडलेलं एक शिरस्त्राण आहे. वेबवर त्रिमितीय काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ते कधी ना कधी पडद्यावर पाहिलेलं असतं. त्याची एकसंध `.glb` फाइल सुमारे 3.8 एमबीची आहे. फाइलच्या पोटात काय आहे, हे पाहायला डॉन मकर्डी यांचं `gltf-transform` हे मोफत साधन पुरतं:

```
gltf-transform inspect DamagedHelmet.glb
```

या शिरस्त्राणात 15,452 त्रिकोण आणि 14,556 व्हर्टेक्स आहेत. त्रिकोणाचा कोपरा म्हणजे व्हर्टेक्स. प्रत्येक व्हर्टेक्सबद्दल फाइलमध्ये तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक म्हणजे त्याची जागा, म्हणजे तीन आकडे. दुसरी म्हणजे तिथला पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे ती दिशा, म्हणजे आणखी तीन आकडे. हिला नॉर्मल म्हणतात आणि उजेड-सावली तिच्यावरून ठरते. तिसरी म्हणजे त्या व्हर्टेक्सवर चित्राचा कोणता बिंदू बसवायचा तो पत्ता, म्हणजे दोन आकडे. याला यूव्ही म्हणतात. हे झाले आठ आकडे. प्रत्येक आकडा चार बाइटचा दशांश, म्हणून एका व्हर्टेक्सला 32 बाइट लागतात. 14,556 ला 32 ने गुणलं की 4,65,792 बाइट होतात.

याशिवाय कोणते तीन व्हर्टेक्स जोडून कोणता त्रिकोण होतो, याची एक यादी असते. प्रत्येक त्रिकोणाला तीन क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला दोन बाइट, असे 92,712 बाइट झाले. दोन्ही मिळून शिरस्त्राणाचा आकार 559 केबीत मावतो.

फाइल मात्र 3.8 एमबीची आहे. उरलेले सुमारे 3.2 एमबी म्हणजे पाच चित्रं : रंग, चकाकी, खोलगटपणा, सावली आणि स्वतःहून उजळणारे भाग. ही चित्रं म्हणजेच टेक्स्चर. ड्रॅको असो वा क्वांटायझेशन, दोन्ही टेक्स्चरला हातही लावत नाहीत. आकाराचे सगळे बाइट जादूने नाहीसे केले, तरी या फाइलचं वजन जेमतेम 15 टक्क्यांनी उतरेल.

टेक्स्चरचा हिशेब फोनच्या आत गेल्यावर आणखी बदलतो. जेपीईजी चित्र फाइलमध्ये आवळलेलं असतं, पण ग्राफिक्स चिपला ते तसं वाचता येत नाही. चिपच्या स्मृतीत ते पूर्ण उलगडून ठेवावं लागतं. शिरस्त्राणाचं प्रत्येक चित्र 2048 गुणिले 2048 पिक्सेलचं आहे. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एका चित्राला 16.8 एमबी लागतात. दुरून पाहताना वापरायच्या लहान आवृत्त्या त्यात मिळवल्या की 22 एमबीच्या वर जातात आणि पाच चित्रांचे मिळून सुमारे 112 एमबी होतात. साध्या फोनवर ब्राउझरचं पान मध्येच मिटतं किंवा काळं पडतं, त्याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं. चित्रं 1024 पिक्सेलवर आणली तर हा आकडा चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे 28 एमबीवर येतो. म्हणून शिरस्त्राणासारख्या मॉडेलवर पहिलं काम टेक्स्चरचं:

```
gltf-transform resize DamagedHelmet.glb helmet-1k.glb --width 1024 --height 1024
```

इथे दिसलेला भेद पुढेही लागणार आहे. वाटेतलं वजन वेगळं आणि चिपच्या स्मृतीतलं वजन वेगळं. जेपीईजी पहिलं कमी करतं, दुसरं नाही. आकाराच्या बाबतीतही नेमकं असंच घडतं.

आकड्यांची काटछाट

क्वांटायझेशन म्हणजे आकडे कमी अंकांत लिहिणं. चार बाइटचा दशांश आकडा सुमारे सात अंकांपर्यंत अचूक असतो. हाताएवढ्या वस्तूच्या बाबतीत ही अचूकता केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक होते आणि पडद्यावर तिचा काही उपयोग नसतो. मॉडेलभोवती एक चौकट कल्पून तिच्यात आलेखाच्या कागदासारखे समान चौकोन आखले आणि प्रत्येक व्हर्टेक्स जवळच्या छेदबिंदूवर सरकवला, की दशांश आकड्याऐवजी ‘कितवी रेघ’ एवढा पूर्णांक लिहिला तरी पुरतो.

किती रेघा आखायच्या, ते बिटांवर ठरतं. 14 बिट म्हणजे 16,384 रेघा, 11 बिट म्हणजे 2,048. आता मापाकडे लक्ष द्या. वीस सेंटिमीटरच्या मूर्तीला 11 बिट दिले तर दोन रेघांमधलं अंतर एक दशांश मिलिमीटर येतं. कुणालाही फरक कळणार नाही. चाळीस मीटर लांबीच्या इमारतीला तेच 11 बिट दिले तर अंतर जवळजवळ दोन सेंटिमीटर होतं आणि खिडकीची पातळ चौकट वाकडीतिकडी दिसू लागते. इमारतीला 14 बिट दिले तर अंतर अडीच मिलिमीटरच्या आत येतं. त्यामुळे ‘किती बिट चांगले’ याला एकच उत्तर नाही. मॉडेलची सर्वांत लांब बाजू घ्या, रेघांच्या संख्येने भागा आणि आलेला आकडा तुमच्या सर्वांत बारीक तपशिलापेक्षा बराच लहान आहे का, ते पाहा.

जीएलटीएफमध्ये याची सोय `KHR_mesh_quantization` या विस्ताराने केली आहे. शिरस्त्राणावर ती लावू. जागेच्या तीन आकड्यांना दोन-दोन बाइट, म्हणजे सहा. पण चिपला चाराच्या पटीत वाचायचं असतं, म्हणून दोन बाइट रिकामे सोडून आठ. नॉर्मलच्या तीन आकड्यांना एक-एक बाइट, तोच नियम लावून चार. यूव्हीला दोन-दोन, म्हणजे चार. बेरीज 16. व्हर्टेक्सचं वजन बत्तीसचं सोळा झालं आणि 559 केबीचा आकार 326 केबीवर आला.

यातली मोठी जमेची बाजू अशी की उलगडायला काहीच लागत नाही. ग्राफिक्स चिप हे छोटे पूर्णांक जसेच्या तसे वाचते, म्हणून वाटेतलं वजन उतरतं तसंच स्मृतीतलंही उतरतं. वेगळा प्रोग्रॅम उतरवायचा नाही, प्रतीक्षा नाही. शिवाय असे पूर्णांक जीझिपसारख्या साध्या दाबणीखाली दशांशांपेक्षा चांगले आवळले जातात, त्यामुळे सर्व्हर `.glb` फाइल दाबून पाठवत असेल तर आणखी लाभ होतो.

बिघाड कुठे होतो, तेही पाहू. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागावर प्रतिबिंब एकसारखं न सरकता पट्ट्यापट्ट्यांनी दिसत असेल, तर नॉर्मलला दिलेला एक बाइट अपुरा पडतो आहे. तिथे दोन बाइट द्यावेत. व्हर्टेक्स सोळाऐवजी वीस बाइटचा होतो, पण पट्टे जातात. `gltf-transform` स्वतःहून नॉर्मलला 10 बिट देतं, ते याचसाठी. यूव्हीला ते 12 बिट देतं, म्हणजे 4,096 रेघा. 2048 पिक्सेलच्या चित्रावर हे अर्ध्या पिक्सेलाइतकं अचूक आहे. चित्र त्याहून मोठं असेल किंवा त्यावर बारीक अक्षरं असतील, तर बिट वाढवा.

दुसरा बिघाड भेगांचा. एक मॉडेल अनेक तुकड्यांचं असलं आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची चौकट दिली, तर दोन तुकड्यांच्या रेघा एकमेकींवर बसत नाहीत. सांध्यावरचा एकच बिंदू एका तुकड्यात किंचित इकडे आणि दुसऱ्यात किंचित तिकडे सरकतो. भिंत आणि छत यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली तर कारण हेच. सगळ्या तुकड्यांना एकच चौकट दिली की ती मिटते:

```
gltf-transform quantize in.glb out.glb --quantization-volume scene
```

तिसरी अडचण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या वाट्याला येते. पूर्णांकांवरून खऱ्या मापाकडे परतायचं गणित फाइल त्या तुकड्याच्या स्थानात आणि प्रमाणात लिहून ठेवते. कोडमध्ये कुणी त्याच तुकड्याचं प्रमाण थेट 1 केलं, तर मॉडेल अचानक भलतंच मोठं होतं किंवा दिसेनासं होतं. असं झालं तर फाइलला दोष देऊ नका. मॉडेल एका रिकाम्या गटात ठेवा आणि हलवणं, फिरवणं, मोठं करणं त्या गटावर करा.

ड्रॅको काय करतो

ड्रॅकोही आकड्यांचं क्वांटायझेशन करतो. त्याची खरी करामत त्यानंतर सुरू होते. ती समजायला स्टॅनफर्ड विद्यापीठातला ससा बरा. ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी 1994 मध्ये मातीच्या एका सशाचं स्कॅन करून तो तयार केला. त्यात 35,947 व्हर्टेक्स आणि 69,451 त्रिकोण आहेत. नुसत्या जागा दशांशांत लिहिल्या तर 431 केबी आणि त्रिकोणांची यादी 417 केबी, एकूण 848 केबी. म्हणजे जवळजवळ निम्मं वजन कोण कुणाला जोडलं आहे, एवढं सांगण्यात जातं. साधं क्वांटायझेशन या यादीला हात लावत नाही.

ड्रॅको लावतो. त्यामागे यारेक रोसिन्याक यांनी 1999 मध्ये मांडलेली एजब्रेकर ही पद्धत आहे. एका त्रिकोणापासून निघायचं आणि कडेला लागून असलेल्या त्रिकोणात जायचं, तिथून पुढच्यात. प्रत्येक पावलाला पाचच शक्यता असतात. समोरचा कोपरा अजून न पाहिलेला असेल तर एक अक्षर. पाहिलेला असेल तर शेजारी डावीकडे संपतो, उजवीकडे संपतो, दोन्हीकडे संपतो की वाट दुभंगते, यावरून उरलेल्या चारांपैकी एक. बंद जाळ्यात व्हर्टेक्स त्रिकोणांच्या निम्मे असतात, म्हणून सुमारे अर्ध्या पावलांना ‘नवा कोपरा’ हेच अक्षर येतं. त्याला एक बिट आणि बाकीच्यांना तीन बिट दिले तरी सरासरी एका त्रिकोणाला दोन बिट पुरतात. आधी याच त्रिकोणाला तीन क्रमांकांचे 48 बिट लागत होते. सशाची 417 केबीची यादी या हिशेबाने सुमारे 17 केबीत येते.

याच फेरीत जागांचंही काम होतं. नव्या त्रिकोणात शिरताना आधीच्या त्रिकोणाचे तीन कोपरे माहीत असतात. त्यांवरून समांतरभुज चौकोन पूर्ण केला की चौथा कोपरा साधारण कुठे असेल, याचा अंदाज येतो. ड्रॅको खऱ्या जागेऐवजी अंदाजातली चूक तेवढी लिहितो. पृष्ठभाग गुळगुळीत असला की या चुका लहान असतात आणि लहान, पुन्हा पुन्हा येणारे आकडे थोड्या बिटांत मावतात. सशाच्या जागा 14 बिटांत नुसत्या लिहिल्या तरी 189 केबी होतात. अंदाजाची युक्ती त्यालाही आणखी खाली आणते. म्हणजे 848 केबीचा ससा 206 केबीच्या आतच राहतो.

```
gltf-transform draco bunny.glb bunny-draco.glb --quantize-position 14
```

किंमत कुठे मोजावी लागते? आवळलेलं हे गाठोडं चिपला वाचता येत नाही. आधी ब्राउझरमध्ये ते उलगडणारा प्रोग्रॅम उतरवावा लागतो. त्याचं वजन दोनशे ते तीनशे केबीच्या घरात असतं. मग फोनच्या मुख्य प्रोसेसरला उलगडण्याचं काम करावं लागतं. थ्री-जेएस वापरणाऱ्यांना तो प्रोग्रॅम कुठे आहे, ते सांगावं लागतं:

```js
const draco = new DRACOLoader();
draco.setDecoderPath('/draco/');
loader.setDRACOLoader(draco);
```

हे विसरलं तर मॉडेल दिसत नाही आणि कन्सोलमध्ये `No DRACOLoader instance provided` अशी सूचना येते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थ्री-जेएसमध्ये उलगडल्यावर जागा पुन्हा चार-चार बाइटच्या दशांशांत येतात. वाटेतला प्रवास हलका झाला, स्मृतीतलं वजन मूळ होतं तेवढंच राहिलं. जेपीईजीचं जसं होतं तसंच.

ड्रॅको आणखी दोन गोष्टी करत नाही. हालचालींचे आकडे तो आवळत नाही. आणि एजब्रेकर व्हर्टेक्सचा क्रम बदलत असल्याने, चेहऱ्यावरचे भाव बदलणाऱ्या मॉडेलांत, जिथे त्या क्रमावरच सगळं अवलंबून असतं, तो जपून वापरावा लागतो. अशा मॉडेलांना आर्सेनी कापुल्किन यांची मेशॉप्ट ही पद्धत सहसा जास्त मानवते. तिचा उलगडणारा प्रोग्रॅमही पुष्कळ लहान आहे.

मग निवड कशी करायची

आता शिरस्त्राणाकडे पुन्हा पाहू. त्यात त्रिकोण 15,452 आणि व्हर्टेक्स 14,556, म्हणजे जवळजवळ सारखेच. सशात ते निम्मे होते. इथे इतके का? कारण चित्र चढवण्यासाठी पृष्ठभाग जिथे जिथे कापला आहे, त्या कापांवर एकाच जागेचे दोन-दोन व्हर्टेक्स करावे लागले आहेत. ड्रॅकोने जागेला 14 बिट, नॉर्मलला दोन आकड्यांचे 20 आणि यूव्हीला 24 बिट दिले, तर अंदाजाच्या युक्तीआधी 160 केबी होतात. त्यात उलगडणारा प्रोग्रॅम मिळवला तर पहिल्यांदा पान उघडणाऱ्याला 360 ते 460 केबी उतरवावे लागतात आणि अंदाजाची युक्ती त्यातून काही भाग वजा करते. नुसत्या क्वांटायझेशनने आकार 326 केबीचा झाला होता, तोही उलगडायचं काम न लावता. अशा मॉडेलला ड्रॅकोची गरज नाही. टेक्स्चर लहान करा, क्वांटायझेशन लावा, काम झालं.

याउलट फोटोंवरून बनवलेलं एखाद्या शिल्पाचं स्कॅन घ्या. समजा, त्यात पाच लाख व्हर्टेक्स आणि दहा लाख त्रिकोण आहेत. व्हर्टेक्सचे 16 एमबी आणि यादीचे 12 एमबी, कारण पासष्ट हजारांवरच्या क्रमांकांना चार बाइट लागतात. एकूण 28 एमबी. क्वांटायझेशनने 20 एमबी होतात, कारण यादी तशीच राहते. वर धरलेल्याच बिटांनी ड्रॅको हे 6 एमबीच्या आत आणतो. इथे तीनशे केबीच्या प्रोग्रॅमचं ओझं कुणाला जाणवणारही नाही. पण फोनच्या स्मृतीत तरीही 28 एमबीच उलगडतील आणि दहा लाख त्रिकोण चिपला दर वेळी रंगवावे लागतील. फोनच्या पडद्यावर एकूण पिक्सेलच वीस-पंचवीस लाख असतात आणि मॉडेल त्यातला काही भागच व्यापतं, म्हणजे पुष्कळसे त्रिकोण एका पिक्सेलपेक्षाही लहान. म्हणून अशा स्कॅनमध्ये आधी जुळणारे व्हर्टेक्स एक करून त्रिकोण कमी करायचे आणि ड्रॅको सर्वांत शेवटी लावायचा:

```
gltf-transform weld scan.glb a.glb
gltf-transform simplify a.glb b.glb --ratio 0.2 --error 0.001
gltf-transform draco b.glb c.glb
```

वेगवेगळे पडलेले त्रिकोण आधी जोडलेले नसतील तर एजब्रेकरला शेजारी सापडत नाही आणि ड्रॅकोची फाइल अपेक्षेपेक्षा मोठी निघते. `weld` टाळू नये, ते यासाठी.

हे सगळे उपाय माहिती कायमची घालवून वजन कमी करतात आणि गेलेले अंक परत येत नाहीत. ड्रॅको लावलेली फाइल उलगडून, दुरुस्त करून पुन्हा आवळली तर दर फेरीला थोडी नवी चूक मिसळते. म्हणून मूळ फाइल नेहमी वेगळी ठेवा आणि प्रत्येक वेळी तिच्यापासूनच सुरुवात करा. दर पायरीनंतर `inspect` चालवा आणि मॉडेल एका साध्या फोनवर जवळून फिरवून पाहा : चकाकीत पट्टे, सांध्यांत भेगा, अक्षरांत थरथर आहे का? टेक्स्चर जड असतील तर आधी ती. आकार लहान असेल तर क्वांटायझेशन पुरे. त्रिकोण लाखांत असतील तर ते कमी करून मग ड्रॅको.